पीक फ्लो मीटर, स्वतःचा सर्वोत्तम आकडा आणि हिरवा-पिवळा-लाल तक्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्याचे निदान झाले आहे आणि डॉक्टरांनी घरी पीक फ्लो मोजायला सांगितले आहे, अशा मोठ्या माणसांसाठी आणि मुलांच्या पालकांसाठी ही उत्तरे आहेत. तक्त्यातले तिन्ही रंग एकाच आकड्यावरून ठरतात आणि तो आकडा तुमच्या फुंकरीवरून. म्हणून सुरुवात फुंकरीपासून करू.

पीक फ्लो मीटर नेमके काय मोजतो?

छाती पूर्ण भरून श्वास घेतला आणि जीव खाऊन फुंकले, तर हवा सर्वांत वेगाने बाहेर पडते ती अगदी सुरुवातीच्या क्षणी, सेकंदाच्या साधारण दहाव्या हिस्स्यात. तो सर्वाधिक वेग मीटर टिपतो आणि लिटर प्रति मिनिट या मापात दाखवतो. हवा एकूण किती बाहेर आली, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. दम्यात श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात, त्यांत चिकट कफ साठतो, त्यामुळे हा वेग घटतो.

फुगा फुगवताना आपण हळूहळू, लांबलचक फुंकतो. ती फुंकर इथे उपयोगाची नाही. वाढदिवसाच्या केकवरच्या सगळ्या मेणबत्त्या एका फटक्यात विझवायच्या असतात, तशी फुंकर हवी. पहिला झटका गेला की काटा जिथे जायचा तिथे जाऊन थांबतो. त्यानंतर कितीही वेळ फुंकत राहिलात तरी तो पुढे सरकत नाही.

फुंकायची बरोबर पद्धत कोणती?

उभे राहा. उभे राहणे शक्य नसेल तर पाठ ताठ ठेवून बसा, पण मग रोज बसूनच मोजा. तोंडात गोळी, चघळायचे काही किंवा सैल कवळी नको. पट्टीवरचा लाल किंवा पिवळा काटा बोटाने सरकवून तळाला आणा. मीटर आडवा धरा, बोटे खालून आणि बाजूंनी. काटा ज्या फटीत सरकतो ती फट आणि मागची हवा जायची भोके मोकळी राहिली पाहिजेत.

आता तोंड उघडून, आणखी एक घोटही मावणार नाही इतका खोल श्वास घ्या. घेतला की लगेच नळी दातांच्या आत घ्या, ओठ भोवती घट्ट मिटा आणि त्याच क्षणी जोरात, झटक्यात फुंका. मान सरळ, हनुवटी किंचित वर. एक सेकंद पुरे. नाक चिमटायची गरज नाही. काटा थांबला तो आकडा वाचा, लिहा, काटा पुन्हा तळाला आणा आणि दोन-चार श्वास शांतपणे घेऊन दुसऱ्यांदा फुंका. असे तीनदा.

यात एक बारीक जागा हमखास निसटते. लोक छाती भरतात, मग श्वास कोंडून मीटर नीट धरतात, ओठ जुळवतात, घरच्यांकडे बघतात आणि मग फुंकतात. भरल्या छातीने दोन सेकंदही थांबलात तरी आकडा घसरतो, कारण ताणलेल्या फुप्फुसाचा झटका तोवर थोडा ओसरतो. म्हणून हाताची तयारी आधी करा, श्वास मागाहून घ्या.

तीनदा फुंकून सरासरी काढायची का?

नाही. तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. पीक फ्लो पूर्णपणे जोर लावण्यावर अवलंबून असतो. फुंकर कमी पडायला अनेक कारणे असतात, पण बरोबर पद्धतीने फुंकून श्वासनलिकांच्या कुवतीपेक्षा जास्त आकडा येत नाही. त्यामुळे सरासरीत आळसावलेल्या फुंकरीही मिसळतात.

मोठ्या दोन आकड्यांत ४० पेक्षा जास्त फरक असेल, तर पद्धत कुठेतरी हुकली असे समजा आणि आणखी दोनदा फुंका. उदाहरणार्थ ३१०, ३४०, २९० आले तर मोठे दोन ३४० आणि ३१०, फरक ३०. चालेल, ३४० लिहा. ३४०, २८०, २६० आले तर फरक ६० आहे, म्हणून पुन्हा फुंका. मात्र प्रत्येक फुंकरीसरशी आकडा खाली येत असेल आणि छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर थांबा. काही जणांच्या श्वासनलिका जोराच्या फुंकरीनेच आकुंचन पावतात. पहिलाच आकडा लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

आकडा खोटा कशाकशाने येतो?

कमी येण्याची कारणे सगळ्यांना सुचतात: श्वास अपुरा, ओठांच्या कोपऱ्यातून गळती, मान खाली झुकलेली, जीभ नळीच्या तोंडाशी, बोट काट्याच्या वाटेत. मिशा दाट असतील तर गळती होतेच, ओठ जरा आत दाबून धरा.

जास्त येणारा खोटा आकडा अधिक घातक, कारण तो पाहून बरे वाटते आणि कुणी तपासत नाही. पान थुंकताना गाल फुगवून जिभेने जसा झटका देतो, तसा झटका मीटरमध्ये दिला की काटा सुसाट पळतो. तो वेग गालांचा असतो, फुप्फुसांचा नव्हे. नळीत खोकला आला तरी तसेच होते. ओळखायचे कसे? आरशासमोर फुंका. गाल टम्म फुगत असतील किंवा ‘थू’ असा आवाज येत असेल, तर तो आकडा खोडून टाका. बरोबर फुंकरीचा आवाज ‘हा’च्या जवळचा असतो आणि जोर बरगड्यांच्या खालून, पोटातून आलेला जाणवतो.

दिवसातून केव्हा मोजायचे?

सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पंप घेण्याआधी. दम्यात श्वासनलिका पहाटे सर्वांत आवळलेल्या असतात, म्हणून सकाळचा आकडा कमी येणे स्वाभाविक आहे. त्रास झाला म्हणून लगेच आराम देणारा पंप घेतला असेल, तर त्याआधीचा आकडा आणि घेतल्यावर १५ ते २० मिनिटांनंतरचा आकडा वेगवेगळे लिहा आणि शेजारी ‘पंपानंतर’ अशी खूण करा. खुणेविना लिहिलेला आकडा वाचताना डॉक्टरांचीही फसगत होते.

रोज, कायम मोजत राहणे सगळ्यांनाच लागत नाही. सुरुवातीचे आठवडे, औषध बदलल्यावर, त्रास वाढल्यावर आणि ज्यांना धाप लागेपर्यंत काही जाणवतच नाही अशांना मात्र ते फार उपयोगी पडते.

‘स्वतःचा सर्वोत्तम आकडा’ कसा ठरवायचा?

दमा आटोक्यात असताना, बरोबर पद्धतीने, तुम्ही पुन्हा पुन्हा गाठू शकता असा सर्वांत मोठा आकडा म्हणजे तुमचा सर्वोत्तम. तो ठरवायला दोन ते तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजावे लागते. रोजचा प्रतिबंधक पंप नुकताच सुरू झाला असेल, तर बहुतेकांचा सर्वोत्तम आकडा साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतो. सकाळ-संध्याकाळचा फरक कमी होत जाणे मात्र तीनेक महिने चालू राहते. म्हणून तीन महिन्यांनी आकडा पुन्हा तपासावा.

उदाहरण म्हणून ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेची वही घेऊ. पहिल्या आठवड्यात सकाळी ३४० ते ३५०, संध्याकाळी ३७०. दुसऱ्या आठवड्यात सकाळी ३५० ते ३७०, संध्याकाळी ३९०. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी ४०० तीनदा आला. रात्री खोकून जाग येत नाही, जिना चढताना घरघर नाही. एके दिवशी मात्र ४७० ची नोंद आहे. त्याच वेळच्या बाकी दोन फुंकरी ३९० आणि ३८० होत्या. ४७० आणि ३९० मध्ये ८० चा फरक, आणि तो आकडा नंतर कधीच परत आला नाही. नळीत ठसका लागला असावा. तो वगळायचा. तिचा सर्वोत्तम आकडा ४००.

तेवढ्या एका आकड्याने काय बिघडते?

सगळे रंग त्याच्यावरच उभे असतात, म्हणून बिघडते. हिरवा पट्टा सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांपासून वर असतो आणि लाल ५० टक्क्यांच्या खाली. ४०० धरले तर तिचा हिरवा पट्टा ३२० पासून वर आणि लाल पट्टा २०० च्या खाली. ४७० धरले तर पिवळा पट्टा ३७६ लाच सुरू होतो. तिची सकाळ एरवीच ३५० ते ३७० ची आहे, म्हणजे ठणठणीत असतानाही ती रोज सकाळी पिवळ्यात जाईल आणि नको असताना औषध वाढवेल. काही दिवसांनी तक्त्यावरचा विश्वास उडेल, आणि खरा पिवळा येईल तेव्हा तिकडे लक्ष राहणार नाही.

उलटी चूक याहून वाईट. समजा तिने सर्दी-खोकल्याच्या आठवड्यात मोजून ३३० हा सर्वोत्तम ठरवला. मग हिरवा पट्टा २६४ पर्यंत खाली येतो. एखाद्या सकाळी २७० आले तर वहीत हिरवे लिहिले जाईल. खरे तर २७० म्हणजे ४०० च्या ६७ ते ६८ टक्के, चांगले खोल पिवळ्यातले. आणि लाल पट्टा १६५ ला सुरू होईल, जो तिच्या खऱ्या कुवतीच्या ४१ टक्केच आहे. रुग्णालयात जायची वेळ टळून गेल्यावर तक्ता तिला ‘जा’ म्हणेल. आजारपणात काढलेला ‘सर्वोत्तम’ कधीच कायम करू नये.

मीटरसोबत उंची आणि वयाचा तक्ता मिळतो. त्यातलाच आकडा का धरू नये?

तो तक्ता बऱ्याचदा युरोपीय लोकांच्या मोजमापांवरून केलेला असतो, आणि भारतीय माणसांचे आकडे सरासरीने त्याहून कमी भरतात. शिवाय एकाच उंचीच्या, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही शंभराच्या आसपास फरक सहज असू शकतो. तक्ता ४५० म्हणत असेल आणि तुमचा सर्वोत्तम ३८० असेल, तर ३८० च तुमचा. स्वतःचा आकडा ठरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे भागवायला तक्ता ठीक आहे. मात्र दोन्हींत फारच तफावत असेल तर डॉक्टरांना दाखवा: औषध अपुरे पडत असेल, पद्धत चुकत असेल किंवा श्वासाला दुसरेच काही कारण असेल.

रंगपट्टे कसे काढायचे?

रंग सिग्नलचेच आहेत. सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्के आणि त्याहून वर हिरवा, ५० ते ७९ टक्के पिवळा, ५० च्या खाली लाल. हिशेब सोपा आहे:

हिरव्याची खालची सीमा = सर्वोत्तम आकडा × ०.८
लाल सुरू होण्याची सीमा = सर्वोत्तम आकडा × ०.५

४०० ला या सीमा ३२० आणि २०० येतात. मीटरची पट्टी दहा-दहाच्या रेघांची असते. सीमा रेघांच्या मध्ये पडली तर वरची रेघ धरा, म्हणजे इशारा थोडा लवकर मिळेल. बऱ्याच मीटरवर बाजूला सरकणाऱ्या रंगीत खुणा असतात, त्या या दोन आकड्यांवर बसवा. नसतील तर रंगीत चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावा. फक्त फट झाकू नका.

काही डॉक्टर पिवळ्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करतात, काही ठिकाणी तोंडी स्टेरॉइड सुरू करायची सीमा ६० टक्के धरतात. तुमच्या कागदावर वेगळे लिहिले असेल तर तेच पाळा.

आकडा पिवळ्यात गेला. आता?

आधी आणखी तीनदा नीट फुंका. वाकडी फुंकर असेल तर इथेच कळेल. तरीही पिवळाच असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ॲक्शन प्लॅनमधली पिवळी ओळ उघडा आणि त्यातला आराम देणारा पंप तिथे लिहिलेल्या मात्रेत घ्या. १५ ते २० मिनिटांनी परत मोजा. आकडा हिरव्यात आला आणि तिथे टिकला तर उत्तम, पण त्या दिवशी मोजणे वाढवा. तासाभरात परत खाली आला, किंवा दिवसभर पिवळ्यातच घुटमळत राहिला, तर डॉक्टरांना फोन करा.

त्याच वेळी मागच्या दोन दिवसांकडे बघा. रोजचा पंप संपला होता का? दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची जळमटे झाडली का, घरात बुरशीचा वास येतो का, सर्दी झाली आहे का? कारण आकड्याशेजारी दोन शब्दांत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी वही चाळताना तेच दोन शब्द उपयोगी पडतात.

पिवळ्या ओळीत कोणते औषध, किती, हे प्रत्येकाचे निराळे असते. काहींचा रोजचा आणि त्रासातला पंप एकच असतो, काहींचे दोन वेगळे. शेजाऱ्याचा कागद वापरू नका.

आणि लाल?

लाल पट्टा म्हणजे घरी थांबून वाट पाहायची वेळ नव्हे. प्लॅनमध्ये लिहिलेला आराम देणारा पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून लगेच सुरू करा आणि त्याच वेळी रुग्णालयाकडे निघायची तयारी करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८. रुग्णाला आडवे झोपवू नका, ताठ बसवा.

एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, माणूस गोंधळल्यासारखा किंवा पेंगुळलेला वाटतो, गळ्याच्या खळीतली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते: यांतले काहीही दिसले तर मीटर शोधत बसू नका. अशा वेळी फुंकायला लावणे म्हणजे त्या माणसाचा उरलासुरला दम खर्च करणे. तसेच घरघर अचानक थांबली, पण त्रास वाढलेलाच आहे, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही. हवा इतकी कमी जाते आहे की आवाजही उमटत नाही.

आकडा हिरवा आहे, पण रात्री खोकून झोप मोडते. कोणाचे ऐकायचे?

शरीराचे. पीक फ्लोमध्ये मुख्यतः मोठ्या श्वासनलिकांची स्थिती दिसते. बारीक नलिकांतला अडथळा आकडा बराच वेळ चांगला असतानाही असू शकतो. आकडा आणि त्रास यांत जे वाईट असेल, तो रंग आपला. त्याच कारणाने दवाखान्यातली स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून होणारी फुप्फुसांची सविस्तर तपासणी, मीटरने टळत नाही.

सकाळ-संध्याकाळच्या फरकाचा अर्थ काय?

दिवसाचे दोन्ही आकडे हिरव्यात असूनही त्यांच्यातली दरी वाढत असेल, तर दमा हातातून सुटतो आहे, याचा तो लवकरचा इशारा असतो. मोठ्यातून लहान वजा करा, त्याला दोन्हींच्या सरासरीने भागा, शंभराने गुणा. आपल्या शिक्षिकेच्या चांगल्या दिवशी सकाळी ३७०, संध्याकाळी ३९०: फरक २०, सरासरी ३८०, म्हणजे साधारण ५ टक्के. पावसाळ्यातल्या एका आठवड्यात सकाळी २८०, संध्याकाळी ३६०: फरक ८०, सरासरी ३२०, म्हणजे २५ टक्के. संध्याकाळचा आकडा एकटा पाहिला असता तर ३६० हिरवाच होता.

एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. एक-दोन आठवड्यांच्या रोजच्या टक्क्यांची सरासरी घ्या. ती मोठ्यांत १० आणि मुलांत १३ टक्क्यांहून जास्त असेल तर ती डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहे.

लहान मुलांना जमते का?

पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे आकडे भरवशाचे नसतात. सहा-सातव्या वर्षी बहुतेकांना जमते. मुलांना कमी पल्ल्याचा, साधारण ४०० पर्यंतचा मीटर द्या. मोठ्यांच्या ८०० च्या पट्टीवर लहान बदल वाचता येत नाहीत. मूल उंच होते तसा सर्वोत्तम आकडाही वाढतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तो नव्याने काढा. दीड वर्षापूर्वीच्या आकड्यावर बसवलेले पट्टे मुलाला खोटेच हिरव्यात ठेवतात. शाळा बुडवायला मुद्दाम हळू फुंकणारी मुलेही असतात. मूल खेळताना, बोलताना कसे दिसते, ते आकड्याशी ताडून पाहा.

मीटर बदलला तर जुना सर्वोत्तम आकडा चालेल का?

नाही, नव्याने काढावा लागतो. मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेल्या मीटरची पट्टी अनेक वर्षे प्रमाण होती. ती मधल्या आकड्यांत प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दाखवते, असे पुढे लक्षात आले. ब्रिटनने २००४ मध्ये सुधारलेली युरोपीय पट्टी घेतली, आणि अशा मीटरवर बहुधा ‘ईयू’ असे लिहिलेले असते. जुन्या पट्टीवरचा ४०० नव्या पट्टीवर कमी दिसेल. दमा बिघडलेला नसताना घाबरून जाल, किंवा उलट बदल केलात तर उगीच निर्धास्त व्हाल. दवाखान्यातल्या मीटरवरचा आकडाही घरच्या वहीत मिसळू नका. भेटीला जाताना आपला मीटर आणि वही सोबत न्या.

मीटर कसा धुवायचा आणि किती दिवस वापरायचा?

आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणात काही मिनिटे बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा, पाणी झटकून सावलीत पूर्ण वाळवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लास्टिक वाकते. आतली स्प्रिंग किंवा काटा कापडाने, काडीने पुसू नका. ओल राहिली तर काटा अडखळतो, आणि मग सलग तीन फुंकरींत आकडा एकाच जागी अडकलेला दिसतो. साधारण दोन-तीन वर्षांनी, किंवा कंपनीच्या पत्रकात लिहिले असेल तेव्हा, मीटर बदला. घरात दोघांना दमा असेल तर दोन मीटर घ्या, नळी एकमेकांची वापरू नका.